रिकामी चौकट ओळखावी कशी?

मोबाइलवर एखादा लेख उघडावा, मजकूर झटक्यात यावा आणि फोटोंच्या जागी नुसत्या करड्या चौकटी दिसाव्यात, हा अनुभव आता घरोघरचा आहे. अशा वेळी बहुतेक जण ‘नेट स्लो आहे’ म्हणून पुढे सरकतात. काही जण फोनला दोष देतात, काही जण त्या संकेतस्थळाला. खरं तर रिकामी चौकट हे लक्षण आहे, रोग नव्हे. ते लक्षण एकसारखं दिसत असलं, तरी त्यामागची कारणं अगदी वेगवेगळ्या ठिकाणी असतात. कधी फोटो आपल्याच फोनने मागवलेला नसतो, कधी पान बनवणाऱ्याने तो मुद्दाम उशिरा मागवायची सोय केलेली असते, तर कधी फोटो ठेवलेल्या ठिकाणापर्यंतची वाटच कुणीतरी बंद केलेली असते. चौकट नीट पाहिली तर यातलं कारण कोणतं, हे बहुतेक वेळा घरबसल्या ओळखता येतं.

आधी एक मूळ गोष्ट समजून घ्यावी लागते. वेबवरच्या पानात फोटो नसतात. पानात असतो मजकूर आणि प्रत्येक फोटोचा पत्ता. छापील मासिकात शाई आणि चित्र एकाच कागदावर येतात, तसं इथे होत नाही. पान म्हणजे किराण्याची यादी. ब्राउझर आधी यादी आणतो आणि मग त्या यादीतल्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन एकेक जिन्नस वेगळा मागवतो. १९९३ च्या फेब्रुवारीत मार्क अँड्रीसन यांनी पानात चित्र बसवण्यासाठी `img` ही खूण सुचवली, तेव्हापासून आजपर्यंत व्यवस्था हीच आहे.

मराठी विकिपीडियाचं उदाहरण घ्या. लेखाचा मजकूर `mr.wikipedia.org` या पत्त्यावरून येतो. त्यातली जवळजवळ सगळी छायाचित्रं मात्र `upload.wikimedia.org` या दुसऱ्याच पत्त्यावरून येतात. एखाद्या कॉलेजच्या नेटवर्कने दुसरा पत्ता अडवला आणि पहिला मोकळा ठेवला, तर रायगडावरचा लेख पूर्ण वाचता येईल, पण रायगड दिसणार नाही. मजकूर आला म्हणजे ‘साइट चालू आहे’ आणि फोटो आला नाही म्हणजे ‘साइट बिघडली’, हे दोन्ही अंदाज म्हणूनच फसवे आहेत. मजकूर आणि फोटो दोन वेगळ्या वाटांनी येतात, आणि एक वाट चालू असताना दुसरी बंद असू शकते.

वजनाचा फरकही मोठा आहे. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत ३ बाइट घेतं. त्या हिशेबाने २००० शब्दांचा मराठी लेख साधारण ४० केबीचा होतो, आणि पाठवताना तो दाबून आणखी लहान केला जातो. वेबसाठी नीट लहान केलेला एक फोटो सहज २४० केबीचा असतो. म्हणजे एका फोटोच्या वजनात असे सहा लेख बसतात. डेटा वाचवायचा म्हटलं की पहिली कात्री फोटोंवर चालते, ती यामुळेच.

आता एक प्रत्यक्ष प्रसंग सांगते, कारण त्यात ही सगळी कारणं एकाखाली एक निघाली. माझा मामेभाऊ सांगोल्याकडे डाळिंब लावतो. पावसाळ्यात फळांवर डाग दिसले आणि तेल्या आहे की साधी बुरशी, हा प्रश्न पडला. तेल्या हा जिवाणूजन्य रोग. त्यात पानावर आणि फळावर तेलकट, पाणी मुरल्यासारखे डाग पडतात आणि पुढे फळावरचे डाग इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखे तडकतात. बुरशीच्या ठिपक्यांना ही तेलकट झाक नसते. फवारणी काय करायची, हे या फरकावर ठरतं, आणि हा फरक वाचून जेवढा कळतो त्याहून किती तरी जास्त बघून कळतो. एका संकेतस्थळावर दोन्ही रोगांची आठ छायाचित्रं शेजारी शेजारी दिली होती. मी त्याला त्या पानाचा दुवा पाठवला. त्याचा फोन आला, ‘ताई, लेख आलाय सगळा, पण फोटोच दिसंनात.’

पहिला थर त्याच्याच फोनमध्ये निघाला. त्याच्या मुलाने डेटा वाचावा म्हणून एक हलका ब्राउझर टाकून दिला होता आणि त्यात चित्रं पूर्ण बंद केली होती. असे ब्राउझर काय करतात, हे समजून घेण्यासारखं आहे. ऑपेरा मिनी हा त्यातला जुना आणि आपल्याकडे खूप वापरला गेलेला. २००६ मध्ये तो जगभर खुला झाला. त्याची डेटा वाचवण्याची पद्धत अशी, की पान थेट फोनवर न आणता आधी कंपनीच्या सर्व्हरवर नेलं जातं, तिथे ते दाबून, फोटो बारीक करून मग फोनकडे पाठवलं जातं. चित्रांचा दर्जा कमी, मध्यम की जास्त ठेवायचा, की चित्रं नकोतच, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. ‘नकोतच’ निवडलेलं असेल तर फोटो मागवलाच जात नाही. त्यामुळे कितीही वेळ थांबलं, कितीही चांगलं वाय-फाय मिळालं, तरी चौकट रिकामीच राहते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जो ‘डेटा सेव्हर’ असतो, तो २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून आला, आणि त्याचं मुख्य काम वेगळं आहे. आपण वापरत नसलेली अॅप पडद्यामागे डेटा खातात, तो खर्च तो रोखतो. समोर उघडलेल्या अॅपला डेटा मिळत राहतो. मात्र डेटा वाचवायचा आहे हे त्या अॅपला कळतं, आणि अॅप बनवणाऱ्याने तशी सोय केली असेल तर फोटोवर बोट ठेवल्याशिवाय तो उघडत नाही. तो चालू करताना अँड्रॉइड स्वतःच ही सूचना दाखवतं, पण ती फारसं कुणी वाचत नाही. क्रोम ब्राउझरमध्येही पूर्वी पानं हलकी करणारा ‘लाइट मोड’ होता, तो २०२२ च्या मार्चमध्ये बंद झाला. त्यामुळे क्रोममध्ये फोटो येत नसतील तर त्या जुन्या सेटिंगचा शोध घेण्यात आता अर्थ नाही.

आपल्या फोनची ही अडवणूक ओळखण्याची खूण सोपी आहे. ती सगळीकडे सारखी असते. एकाच पानावर नव्हे, तर त्या ब्राउझरमध्ये उघडलेल्या प्रत्येक पानावर फोटो गायब असतात, आणि तेच पान त्याच फोनमधल्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं की फोटो येतात. मामेभावाला मी हेच करायला सांगितलं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये पान उघडताच वरचा मुख्य फोटो थोडा वेळ घेऊन आला. खालच्या चौकटी मात्र करड्याच राहिल्या.

हा दुसरा थर होता, आणि तो पान बनवणाऱ्याने घातलेला होता. याला लेझी लोडिंग म्हणतात. कल्पना चांगली आहे. आठ फोटोंचं लांबलचक पान उघडणारा प्रत्येक जण शेवटपर्यंत जातोच असं नाही. मग पान उघडताच आठही फोटो मागवून त्याचा डेटा का खर्च करायचा? त्यापेक्षा वाचक सरकत सरकत फोटोजवळ आला की मगच तो फोटो मागवावा. पूर्वी यासाठी पानासोबत वेगळी स्क्रिप्ट द्यावी लागे. २०१९ मध्ये क्रोमने ही सोय थेट ब्राउझरमध्ये आणली, २०२० मध्ये फायरफॉक्सने आणि २०२२ मध्ये सफारीने. आता पान लिहिणाऱ्याला एवढंच लिहावं लागतं:

```html
<img src="telya-pan.jpg" loading="lazy"
     width="800" height="600"
     alt="डाळिंबाच्या पानावरचे तेलकट डाग">
```

यातल्या `loading="lazy"` या दोन शब्दांमुळे ब्राउझर थांबतो. फोटो पडद्यावर येईपर्यंत मात्र तो थांबून राहत नाही. क्रोम चांगल्या नेटवर फोटो साधारण १२५० पिक्सेल दूर असतानाच मागवायला लागतो आणि मंद नेटवर आणखी आधी, म्हणजे २५०० पिक्सेल दूर असताना. मोबाइलच्या पडद्याच्या उंचीत मोजलं तर हे अंतर दीड ते तीन पडद्यांचं होतं. उद्देश हा, की आपण तिथे पोचेपर्यंत फोटो येऊन बसलेला असावा. `width` आणि `height` दिलेलं असेल तर फोटो येण्याआधीच त्याच्या मापाची जागा राखली जाते. तीच ती रिकामी चौकट. म्हणजे इथे रिकामी चौकट ही चूक नाही. ती नसती तर फोटो येताच खालचा मजकूर धाडकन खाली सरकला असता आणि आपण वाचत असलेली ओळ हरवली असती.

मग मामेभावाच्या फोनवर त्या चौकटी का भरेनात? कारण संध्याकाळ झाली होती आणि दिवसाचा डेटा संपला होता. आपल्याकडच्या अनेक प्रीपेड प्लॅनमध्ये रोजचा कोटा संपला की नेट बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. हा आकडा बिटांमध्ये आहे. बाइटमध्ये तो सेकंदाला ८ केबी होतो. आता हिशेब करून पाहा. ४० केबीचा मजकूर यायला पाच सेकंद. २४० केबीचा एक फोटो यायला अर्धा मिनिट. आठ फोटो यायला चार मिनिटं, तेही वाटेत काही अडलं नाही तर. फोनवर वरच्या कोपऱ्यात ‘4G’ दिसत राहतं, व्हॉट्सअॅपचे शब्द येत-जात राहतात, लेख उघडतो, आणि फोटो तेवढे येत नाहीत. त्यात आपण अंगठ्याने भराभर खाली सरकत गेलो की ब्राउझर एकाच वेळी अनेक फोटो मागवू लागतो, तो चिमूटभर वेग सगळ्यांत वाटला जातो आणि एकही फोटो लवकर पुरा होत नाही.

ही अवस्था ओळखायची तर सरकणं थांबवा. एका चौकटीवर अर्धा-पाऊण मिनिट थांबा. चौकट वरून खाली हळूहळू भरायला लागली, किंवा आधी धूसर आणि मग स्पष्ट होऊ लागली, तर मार्ग मोकळा आहे, फक्त वेग नाही. मामेभावाने तेच केलं आणि तिसरा फोटो त्याच्या डोळ्यांदेखत भरला. मी त्याला सांगितलं, बाकीचे फोटो सकाळी कोटा नव्याने सुरू झाल्यावर बघ.

लेझी लोडिंगचा आणखी एक प्रकार आहे आणि तो जास्त त्रास देतो. जुन्या पद्धतीच्या अनेक पानांत फोटोचा खरा पत्ता `src` मध्ये नसतोच. तिथे एक पारदर्शक बिंदू ठेवलेला असतो आणि खरा पत्ता बाजूला `data-src` मध्ये लपवलेला असतो:

```html
<img src="rikame.gif" data-src="telya-phal.jpg">
```

वाचक जवळ आला की स्क्रिप्टने पत्त्यांची अदलाबदल करायची, असा हा करार. पण ती स्क्रिप्टच आली नाही, जाहिराती अडवणाऱ्या अॅपने ती गाळली, किंवा मंद नेटवर ती अर्ध्यात तुटली, तर अदलाबदल होत नाही. ब्राउझरच्या दृष्टीने सगळं ठीक असतं, कारण त्याला सांगितलेला पारदर्शक बिंदू त्याने आणून लावलेला असतो. म्हणून इथे तुटक्या फोटोचं चिन्ह दिसत नाही, चूक झाल्याचा संदेशही नाही, नुसती स्वच्छ, कोरी जागा. कितीही थांबून ती भरत नाही. उपाय म्हणजे पान नव्याने लोड करणं, आणि तेही जमलं नाही तर त्या पानापुरतं जाहिरात अडवणारं साधन बंद करून पाहणं.

या सवयीचा एक परिणाम आपल्या कामाच्या गोष्टींवर होतो. नंतर शेतात किंवा प्रवासात वाचता यावं म्हणून आपण पान सेव्ह करून ठेवतो. पण न मागवलेला फोटो सेव्ह होणार कुठून? पान उघडून लगेच सेव्ह केलं तर वरचे एक-दोन फोटो राहतात आणि खालच्या चौकटी कायमच्या रिकाम्या. म्हणून सेव्ह करण्याआधी पान एकदा सावकाश तळापर्यंत सरकवून, सगळे फोटो आलेले पाहून मगच सेव्ह करावं.

सकाळी मामेभावाचा पुन्हा फोन आला. आठांपैकी सहा फोटो आले होते. दोन चौकटींत मात्र फाटलेल्या कागदासारखं लहान चिन्ह होतं. नेमके हेच दोन फोटो तडकलेल्या फळांचे होते. हा तिसरा थर, आणि तो आपल्या फोनमध्येही नव्हता, पानातही नव्हता.

तुटक्या फोटोचं चिन्ह ही फार महत्त्वाची खूण आहे. कोरी चौकट म्हणजे फोटो अजून मागवलेला नाही किंवा वाटेत आहे. तुटकं चिन्ह म्हणजे ब्राउझरने फोटो मागवला आणि तो मिळाला नाही. क्रोममध्ये हे चिन्ह फाटक्या चित्राचं असतं, सफारीत प्रश्नचिन्हाचं. फायरफॉक्स बहुधा चिन्हाऐवजी पान लिहिणाऱ्याने दिलेलं वर्णन दाखवतो. अशा वेळी फोटोचा पत्ता पाहावा. संगणकावर चौकटीवर उजवी क्लिक करून, फोनवर ती दाबून धरून `Open image in new tab` निवडलं, की फोटो एकट्याने उघडायचा प्रयत्न होतो आणि वरच्या पट्टीत त्याचा पूर्ण पत्ता दिसतो. त्या दोन फोटोंचा पत्ता त्या संकेतस्थळाचा नव्हताच. लेख लिहिणाऱ्याने ते दुसरीकडे, फुकट फोटो ठेवू देणाऱ्या एका सेवेवर चढवले होते आणि तिथून जोडले होते.

नव्या टॅबमध्ये जो संदेश येतो, तो वाचण्यासारखा असतो. `404` आला तर तिथला फोटोच काढून टाकला आहे किंवा त्याची जागा बदलली आहे. `403` आला तर फोटो आहे, पण ठेवणारा तो द्यायला तयार नाही. `DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN` म्हणजे त्या नावाचा ठिकाणाच सापडला नाही. `ERR_CONNECTION_RESET` किंवा `ERR_CONNECTION_TIMED_OUT` म्हणजे ठिकाणा सापडला, पण वाटेत जोडणी तोडली गेली किंवा पलीकडून उत्तरच आलं नाही. `ERR_BLOCKED_BY_CLIENT` दिसलं तर अडवणारा आपल्याच ब्राउझरमध्ये बसला आहे. मामेभावाच्या फोनवर जोडणी तुटल्याचा संदेश होता. वहिनींच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम होतं. तोच पत्ता त्यावर टाकल्यावर दोन्ही फोटो क्षणात उघडले. एका कंपनीच्या नेटवर तीच गोष्ट येते आणि दुसरीच्या नेटवर येत नाही, याचा अर्थ फोटो शाबूत आहे आणि पहिल्या वाटेवर काहीतरी अडसर आहे.

असा अडसर येतो कुठून? कार्यालयं आणि शिक्षणसंस्था आपल्या नेटवर्कवर संकेतस्थळांचे गटच्या गट अडवतात, आणि फोटो किंवा फाइली ठेवण्याच्या सेवा त्यात हमखास असतात. देशपातळीवर केंद्र सरकारला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९अ खाली इंटरनेट कंपन्यांना संकेतस्थळं अडवायला सांगता येतं, आणि २००९ च्या नियमांप्रमाणे या आदेशांबाबत गुप्तता पाळली जाते. न्यायालयंही, विशेषतः चित्रपटांच्या चोरीच्या प्रकरणांत, असे आदेश देतात. २०१४ च्या डिसेंबरात दहशतवादी मजकुराच्या कारणावरून ३२ संकेतस्थळं अडवण्याचा आदेश निघाला, त्यात व्हिमिओ आणि डेलीमोशन होती, जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन प्रती जिथे मोठ्या संख्येने आहेत ते `archive.org` ही होतं. यांतली काही संकेतस्थळं पुढे खुली झाली.

एका आक्षेपार्ह पानासाठी अख्खं संकेतस्थळ का जातं, याचं उत्तर तांत्रिक आहे. आजची जवळजवळ सगळी पानं कूटबद्ध, म्हणजे एचटीटीपीएसने येतात. त्यामुळे आपण कोणता फोटो मागवतो आहोत, हे मधल्या इंटरनेट कंपनीला दिसत नाही. पण जोडणी सुरू होताना कोणत्या नावाच्या ठिकाणी जायचं आहे, हे नाव बहुधा उघड पाठवलं जातं. कंपनी ते नाव वाचते आणि यादीतलं असेल तर जोडणी तोडते. भारतात ही पद्धत वापरली जाते, हे सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं. कंपनीला फोटो वेगळा काढता येत नाही, फक्त नाव अडवता येतं. म्हणून एका नावाखाली लाखो लोकांनी ठेवलेले निरुपद्रवी फोटोही त्याबरोबर जातात. डाळिंबाचा फोटो असो की लग्नाचा, अडवणाऱ्या यंत्राला ते कळत नाही.

कधी दार फोटो ठेवणाराच लावून घेतो. फोटोबकेट या सेवेने २०१७ च्या उन्हाळ्यात अचानक नियम बदलले. तिथे ठेवलेला फोटो दुसऱ्या संकेतस्थळावर दाखवायचा असेल तर वर्षाला ३९९ डॉलर, असा दर लावला. जगभरच्या असंख्य पानांवरचे जुने फोटो एका फटक्यात गेले आणि त्यांच्या जागी पैसे भरण्याची सूचना देणारं एकच चित्र दिसू लागलं. ३० सप्टेंबर २०२५ पासून इम्गुर या सेवेने ब्रिटनमधल्या वाचकांसाठी फोटो बंद केले. त्यामुळे पुण्यात बसून तिथल्या फोटोंसह तयार केलेलं पान लंडनमधल्या मराठी माणसाला फोटोंविना दिसतं. दोघांनी फोनवर कितीही वाद घातला तरी दोघंही आपापल्या जागी खरं सांगत असतात.

फोटो ठेवणाऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी. २०२१ च्या फेब्रुवारीत विकिपीडियाचा कारभार पाहणाऱ्या विकिमीडियाच्या अभियंत्यांना दिसलं, की जांभळ्या अॅस्टर फुलाचं एकच छायाचित्र त्यांच्या एका डेटा केंद्रातून दिवसाला सुमारे ९ कोटी वेळा मागवलं जात आहे. त्या केंद्रातल्या छायाचित्रांच्या मागणीपैकी जवळजवळ २० टक्के मागणी त्या एका फुलाची होती आणि ती भारतातून येत होती. शोधाअंती कारण निघालं एक मोबाइल अॅप. ते उघडलं की दर वेळी हा फोटो विकिमीडियाकडून मागवत होतं. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचा फोटो असा परस्पर जोडणं म्हणजे हॉटलिंकिंग. त्याचा भार आणि खर्च फोटो ठेवणाऱ्यावर पडतो, म्हणून अनेक सर्व्हर दुसऱ्या पानावरून आलेली मागणी नाकारतात. याची ओळख अशी, की फोटो पानात तुटका दिसतो, पण त्याचा पत्ता कॉपी करून कोऱ्या टॅबमध्ये चिकटवला की व्यवस्थित उघडतो. तसं झालं तर आपल्या नेटवर रागावून उपयोग नाही. चूक पान बनवणाऱ्याची आहे.

वाचक म्हणून आपण एवढं तपासू शकतो. पण खरी जबाबदारी पानं बनवणाऱ्यांची आहे, आणि मराठीत ती जास्त गांभीर्याने घ्यायला हवी, कारण मराठीत फोटो हा बऱ्याचदा फोटो नसतो, तो मजकूरच असतो. युनिकोड रुळण्याआधी मराठी टंक एकाच्या संगणकावर असत आणि दुसऱ्याच्या नसत. समोरच्याला मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसू नये म्हणून मजकुराचं चित्र करून पाठवण्याची सवय लागली. टंकांचा प्रश्न सुटून किती तरी वर्षं झाली, सवय सुटली नाही. आजही पाणीपुरवठ्याची सूचना, भरतीची जाहिरात, संस्थेच्या सभेची नोटीस, बाजारभावाचा तक्ता यांचं चित्र करून संकेतस्थळावर लावलं जातं. ते चित्र आलं नाही तर वाचकाचं नुसतं सजावटीचं नुकसान होत नाही, तर सूचनाच पोचत नाही. दृष्टिहीन वाचकाच्या फोनला तर ते आलं तरी धड वाचून दाखवता येईलच असं नाही.

म्हणून मराठीत संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रत्येकाला, मग ते कार्यालय असो, संस्था असो की एकटा लेखक, माझी चार कामांची विनंती आहे. सूचना आणि तक्ते युनिकोडमध्ये मजकूर म्हणून लिहा. महत्त्वाचे फोटो फुकटच्या परक्या सेवेवर न ठेवता आपल्याच सर्व्हरवर ठेवा. पानाच्या वरच्या पहिल्या फोटोला लेझी लोडिंग लावू नका. वर्डप्रेसने २०२० मध्ये सरसकट सगळ्या फोटोंना ते लावलं होतं आणि २०२२ च्या सुरुवातीला पहिला फोटो त्यातून वगळला, कारण वाचकासमोर लगेच हवा असलेला फोटो त्याने उशिरा येत होता.

चौथं काम सगळ्यात स्वस्त आहे. प्रत्येक फोटोच्या `alt` मध्ये तो फोटो काय दाखवतो, ते मराठीत एका वाक्यात लिहा. फोटो मागवून आला नाही की ब्राउझर त्याच्या जागी तेच वाक्य दाखवतो. त्या आठ फोटोंपैकी न आलेल्या दोन्हींचं `alt` रिकामं होतं. तिथे ‘तेल्या: फळावर वाय आकाराची भेग, कडा तेलकट’ एवढं लिहिलेलं असतं, तर कुणाचंही सिम, कोटा किंवा अडवलेला पत्ता मध्ये न येता शेतकऱ्याला हवी ती गोष्ट कळली असती. ते वाक्य शंभर-दोनशे बाइटांचं असतं आणि ६४ केबीपीएसवरही मजकुराबरोबरच पोचतं.